साखरपुड्यात विचारलेला "सध्या काय चाललंय?" हा प्रश्न

मी नाशिकला आरोग्य विम्याचं काम करते. नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली चार वर्षं मला घरच्या कार्यात जायची धास्ती वाटायची. कुणी "काय करतेस हल्ली?" असं विचारलं की मी "मेडिक्लेमचं करते, टर्मचंही करते, काही लागलं तर सांगा" असं म्हणायचे. समोरचा "अरे वा" म्हणून पंगतीकडे वळायचा आणि नंतर कुणाचाही फोन यायचा नाही. मला वाटायचं, नातेवाईकांना माझ्याबद्दल काही वाटत नाही. आज वाटतं की दोष माझ्या उत्तरात होता, आणि हे मी इथे लिहिते आहे कारण माझ्यासारख्या अनेकजणी याच कारणाने कार्यांना जाणं टाळतात.

त्या उत्तरात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं. मेडिक्लेम करणारे प्रत्येक कुटुंबात दोन-तीन असतातच. नातेवाइकाला आपली आठवण होते ती त्याच्या कानावर कुणाची तरी अडचण पडते तेव्हा, आणि अशा वेळी त्याला आपला हुद्दा आठवून उपयोग नसतो. ती अडचण आणि आपलं नाव त्याच्या डोक्यात आधीच एकत्र असायला लागतात.

2024 च्या एप्रिलमध्ये मामेभावाचा साखरपुडा होता. जेवणानंतर पान घेत बसलो असताना माझ्या मामीच्या जाऊबाईंनी विचारलं, "तुझं ते विम्याचं अजून चालू आहे का गं?" मी म्हणाले, "हो काकू. परवाच एका घरी ऑपरेशनच्या बिलातून पाऊण लाख कापले गेले. विमा होता, हप्तेही वेळेवर भरले होते, पण खोलीच्या भाड्याला मर्यादा होती ते कुणी वाचलंच नव्हतं. पॉलिसी संपायच्या दोन महिने आधी कागद दाखवला तर असं टाळता येतं, तेच काम करते मी." एवढंच बोलले आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली.

खोलीचं भाडं आणि पाऊण लाख यांचा संबंध काय, हे काकूंनी विचारलं असतं तर सांगायला माझी तयारी होती. इथेही सांगते. पॉलिसी तीन लाखांची आणि खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. पेशंटला ठेवलं सहा हजारांच्या खोलीत, पाच दिवस. लोकांना वाटतं, फार तर रोजचे तीन हजार खिशातून जातील, पंधरा हजारांचा प्रश्न आहे. पण मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात निम्मं धरलं जातं. औषधं, शरीरात बसवलेली उपकरणं आणि तपासण्या यांना हे प्रमाण लागत नाही. बिल दोन लाख चाळीस हजारांचं होतं. त्यात औषधं वगैरे नव्वद हजार, ते पूर्ण मिळाले. खोलीच्या तीस हजारांपैकी पंधरा आणि उरलेल्या एक लाख वीस हजारांपैकी साठ मिळाले. पंचाहत्तर हजार घरच्यांनी भरले.

पण हे आकडे पानसुपारीच्या वेळी सांगायचे नसतात. तिथे फक्त "खोलीचं भाडं, पाऊण लाख, दोन महिने आधी" एवढं पोचायला हवं. यातलं शेवटचं मी मुद्दाम ठेवते. काकूंना त्या दिवशी माझी गरज नव्हतीच. पण पॉलिसीचं नूतनीकरण दर वर्षी प्रत्येक घरात येतं, आणि ते आलं की कुणीतरी कुणाशी तरी बोलतं.

तसंच झालं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काकूंच्या शेजारच्या ताईंचा फोन आला. त्यांचे वडील चौसष्ट वर्षांचे, मधुमेह जुना, तीन लाखांची पॉलिसी आणि खोलीला तीच एक टक्क्याची मर्यादा. मुदत 4 ऑक्टोबरला संपत होती. दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी न्यायची तर मुदत संपण्याच्या किमान 45 दिवस आधी अर्ज करावा लागतो, म्हणजे 20 ऑगस्टपर्यंत. हा फोन सप्टेंबरात आला असता तर दार बंद झालं असतं. तपासण्या झाल्या, नव्या कंपनीने थोडा जास्त हप्ता लावून अर्ज मान्य केला. खोलीची मर्यादा गेली आणि रक्कम पाच लाख झाली. आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळायला पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ थांबावं लागतं. मधुमेहासाठीची ही प्रतीक्षा त्यांनी जुन्या पॉलिसीत पूर्ण केली होती, त्यामुळे पहिल्या तीन लाखांना ती पुन्हा लागली नाही. वाढवलेल्या दोन लाखांना मात्र लागणार, हे मी त्यांना अर्ज भरण्याआधी लिहून दिलं. नवी कंपनी नकारही देऊ शकते, म्हणून नवं पत्र हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही, हेही सांगितलं.

काम झाल्यावर मी काकूंना फोन केला. "तुम्ही पाठवलेल्या ताईंचं काम झालं, तुमचे आभार" इतकंच. वडिलांचा आजार, हप्ता, रक्कम यातलं काही नाही. काकूंना ते विचारायचं होतं, मी विषय बदलला. कारण पुढच्या वेळी त्या कुणालातरी माझं नाव सांगतील तेव्हा "ती कुणाचं काही बाहेर बोलत नाही" हेही सांगतील अशी माझी इच्छा आहे.

हे मी चूक करून शिकले. सहाव्या वर्षी एका मंगळागौरीत मी एक उदाहरण सांगितलं. नाव घेतलं नव्हतं, पण "पंचवटीतल्या एका बाई, मुलगा परदेशात, आजार असा असा" इतकं पुरलं. तिथे बसलेल्या एकीने ओळखलं. त्या बाई माझ्या सासूबाईंच्या मावसबहीण. दोन वर्षं त्यांनी आमच्या घरी पाऊल ठेवलं नाही, आणि त्यांचा राग रास्त होता. तेव्हापासून उदाहरण सांगताना गाव, वय, नातं आणि आजार हे सगळं गाळते. आकडा आणि कारण ठेवते. ज्यांचं उदाहरण आहे त्यांच्या ओळखीचं माणूस समोर असण्याची शक्यता असेल तर उदाहरणच देत नाही.

विषय आपण काढावा की कुणी विचारेपर्यंत थांबावं, याबद्दल माझं मत ठाम आहे: थांबावं. "काय चाललंय?" हे आपल्याकडे प्रत्येक कार्यात विचारलं जातंच, त्यासाठी धडपड करावी लागत नाही. कधी बातमीच विषय काढते. 22 सप्टेंबर 2025 ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. त्या नवरात्रात आमच्या सोसायटीत भोंडला झाला, खिरापत ओळखून वाटून झाली आणि एकीने विचारलं, "मग आता आमचा हप्ता कमी होणार का?" मी सांगितलं की स्वतः घेतलेल्या पॉलिसीला, कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीलाही, हा कर लागणार नाही, पण कंपनीने नोकरीतून दिलेल्या गट विम्याला हे लागू नाही. दोन वाक्यांत उत्तर संपलं. त्या फेरातल्या तिघींनी पुढच्या महिन्याभरात आपले कागद दाखवले. मी काही विकायला गेले असते तर त्या तिघी खिरापतीच्या वाट्या गोळा करायला उठल्या असत्या.

कुणी खोलात शिरून विचारू लागलं, "माझ्या नवऱ्याला बीपी आहे, चालेल का?", तर तिथे उत्तर देत नाही. चारचौघांत नवऱ्याचं बीपी हा विषय होऊ नये. "उद्या अकराला फोन करू का?" असं विचारते, त्या हो म्हणाल्या की रिक्षात बसल्याबरोबर वहीत लिहिते: नाव, काय म्हणाल्या, पॉलिसी कोणत्या महिन्यात संपते. आणि अकरालाच फोन करते. हा फोन राहिला तर आधीचं सगळं वाया जातं, कारण नातेवाईक एकदा विसरलेला फोन वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. दहाव्या-तेराव्याला आणि दवाखान्यात भेटायला गेल्यावर मी कामाबद्दल अवाक्षर काढत नाही, कुणी विचारलं तरी नाही.

"आपल्या माणसाला कमिशनमधून काही सोडशील ना?" हा प्रश्न येतोच, बहुतेक वेळा दिरांकडून किंवा भावोजींकडून. याचं उत्तर मी पहिल्यापासून सरळ दिलं असतं तर बरं झालं असतं. विमा कायदा 1938 चं कलम 41 अशी सूट द्यायला आणि घ्यायला, दोन्हीला मनाई करतं. दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. नाव सुचवणाऱ्यालाही मी कमिशनचा वाटा देत नाही. मला कंपनीकडून कमिशन मिळतं हे मात्र स्वतःहून सांगते. भावोजींना एकदा हे नीट सांगितलं, ते पाच मिनिटं गप्प होते, आणि नंतर त्यांनीच त्यांच्या साहेबांना माझा नंबर दिला.

सगळ्यात जास्त कामं मात्र माझ्या बोलण्यातून आलेली नाहीत. ती सासूबाईंच्या बोलण्यातून आली. त्या पूर्वी माझी ओळख "सून एलआयसीचं करते" अशी करून द्यायच्या. मी एलआयसीचं करत नाही. पण मी त्यांना कधी नीट सांगितलंच नव्हतं. त्या साखरपुड्यानंतर एका दुपारी भाजी निवडताना त्यांना खोलीच्या भाड्याचा सगळा हिशोब सांगितला. त्यांनी दोनदा विचारून समजून घेतला, मग स्वतःची पॉलिसी आणायला लावली. तिच्यात मर्यादा नव्हती. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आत वाण भरत होते आणि बाहेर त्या कुणालातरी सांगत होत्या, "आमची सून ना, दवाखान्याचं बिल कापलं जाऊ नये ते बघते. संपायच्या आधी दोन महिने दाखवायचं तिला." शब्द त्यांचे होते. त्या बाईंचा कागद फेब्रुवारीत आला, मुदत एप्रिलअखेरची आहे. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाते आहे.