पावसात परत येणारा गादीचा वास

«ताई, तुम्ही लिहिल्याप्रमाणे बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून मुलाने लघवी केलेल्या फोमच्या गादीवर टाकलं. फेस आला, वासही गेला. पाऊस सुरू झाला आणि वास पुन्हा हजर! करून न बघता लिहिता का?»

चूक माझी आहे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की ते एकमेकांनाच मारतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो निघून गेल्यावर उरतं ते जवळजवळ खारट पाणीच. मूळ लेखातला तो परिच्छेद मी काढून टाकते आहे.

वास परत का आला? लघवीतलं पाणी उडून जातं, पण युरिया आणि क्षार फोममध्ये वाळून बसतात. हवा दमट झाली की ते ओलावा धरतात आणि जिवाणू युरियाचा अमोनिया करतात. तुम्ही वरचा थर धुतलात, लघवी मात्र खाली उतरली होती. माझ्या भाच्याच्या चार इंची गादीवर डाग तळहाताएवढा दिसत होता. खोळ काढली तर आत फोमवर तो जेवणाच्या ताटाएवढा पसरलेला!

तिथे आम्ही आधी अर्धा लिटर साधं पाणी हळूहळू मुरवलं आणि जुने टॉवेल टाकून, त्यावर उभं राहून, ते शोषून घेतलं. टॉवेल पिवळट निघायचा थांबेपर्यंत, म्हणजे तीनदा, हेच केलं. मग ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक कप, त्यात तीन मोठे चमचे बेकिंग सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. मेडिकलमधल्या बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घाला. हातमोजे घाला, मिश्रण लगेच वापरा आणि उरलेलं ओतून द्या. बंद बाटलीत ठेवलं तर वायू साठून बाटली फुटू शकते. रंगीत कापडाचा रंग उडतो, म्हणून आधी कोपऱ्यात थेंब टाकून बघा. तासाभराने पुन्हा ओल्या फडक्याने टिपून घ्या.

खरं काम वाळवण्याचं. गादी भिंतीला टेकवून उभी करा, दोन्ही बाजूंनी पंख्याचा वारा द्या. आम्हाला पूर्ण दोन दिवस लागले. पलंगावर आडवीच ठेवली तर खालून बुरशी धरते. कापसाची गादी मात्र आतून अशी सुकत नाही. ती गादीवाल्याकडे उसवून तेवढा कापूस बदलून घ्यावा.

वास गेला का, हे कोरड्या गादीवर कळत नाही. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं डागाच्या जागी दहा मिनिटं ठेवा आणि फडक्याचा वास घ्या. आला, तर आणखी एक फेरी करा.

सोफ्यावर मांजराने केलं असेल तर पेरॉक्साइडऐवजी पाळीव प्राण्यांच्या दुकानातलं एन्झाइमचं क्लीनर घ्या. लघवी जिथवर गेली तिथवर ते पोचलं पाहिजे आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओलं राहिलं पाहिजे, म्हणून वर प्लास्टिक झाका. ब्लीच कुठेच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो.