माझ्या कदेलीपुरता आवाज

चतुर्थीच्या आधीच्या रविवारी, भरल्या सभागृहात, तीनेकशे माणसांसमोर मला सांगण्यात आलं की मॅच बघायची असेल तर घरी बसून बघ. मॅच मी बघत नव्हतो. त्या दिवशी मॅच होती की नव्हती हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पण हातात टॅबलेट, नजर खाली आणि बोट वरखाली फिरतंय, एवढ्या पुराव्यावर आमच्या फोंड्याकडे माणूस दोषी ठरतो.

आमच्या देवळाच्या सभागृहात दोन वर्षांपूर्वी समितीने डिजिटल मिक्सर घेतला. त्याला वर बटणं नाहीत, आवाज वरखाली सरकवायचे फेडर नाहीत. सोळा माईक लागतील अशी एक काळी पेटी स्टेजच्या कडेला बसते आणि बाकी सगळं टॅबलेटवर. समितीतल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की पैसे देऊन अर्धंच सामान आलं. ते चालवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बैठकीत मी एकट्याने ‘सीन’ म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. गावात काहीही समजावून सांगू नये.

तर सीन. आमच्याकडे सकाळी हळदीकुंकू, दुपारी सत्कार, संध्याकाळी घुमट आरती आणि रात्री एकांकिका असं एका दिवसात होतं. जुन्या मिक्सरवर दर वेळी सगळी बटणं नव्याने फिरवायची. सीन म्हणजे त्या क्षणी मिक्सर जसा आहे तसा त्याचा फोटो: कुठला माईक चालू, कुठला बंद, किती वर, कुठला स्वर कापलाय, सगळं. त्याला नाव देऊन ठेवायचं आणि हवं तेव्हा एका बोटाने परत आणायचं. ‘सत्कार’ सीनमध्ये सगळ्या माईकवर 120 हर्ट्झचा लो कट आहे, म्हणजे त्याखालचा खोल आवाज बाद, कारण सत्कारमूर्ती पोडियमवर हात आपटतात आणि स्पीकरमधून गडगडाट येतो. पण घुमटाचा प्राण त्या खोल आवाजातच असतो. तो लो कट राहिला तर मातीचं घुमट डालड्याच्या डब्यासारखं वाजतं. 2019 साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य जाहीर केलं. ते डब्यासारखं वाजवून चालणार नाही. म्हणून ‘आरती’ सीन वेगळा. त्यात घुमटांचे आणि त्यांच्या साथीला काठ्यांनी वाजणाऱ्या शामेळाचे माईक उघडे, लो कट काढलेला, आणि पोडियमचा व निवेदनाचा हातातला माईक बंद. दुपारी रिकाम्या सभागृहात मुलांना वाजवायला लावून मी हे सगळं सेव्ह केलं होतं. स्वतःवर खूश होतो. सुकी भाजी-पाव खाल्ला.

आता भाईकाका.

भाईकाका समितीचे सल्लागार. खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी सल्ला देण्यावर पूर्ण वेळ लक्ष केंद्रित केलंय. सत्काराचं भाषण चालू असताना ते शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी येऊन बसले. मी तिथे बसतो ते मुद्दाम: टॅबलेटचा खरा फायदा हाच की स्टेजमागे न बसता, जिथे लोक बसतात तिथे बसून ऐकता येतं. निदान तसं मी समितीला सांगितलं होतं.

“कितें रे, स्कोर कितलो जालो?”

“भाईकाका, मॅच नाही. साऊंड आहे.”

त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनकडे पाहिलं. हिरव्या रेघा भाषणाबरोबर वरखाली नाचत होत्या. बराच वेळ त्यांनी विचार केला.

“म्हणजे शेअर मार्केट?”

मी सांगितलं, ही रेघ म्हणजे सरांचा आवाज. सर बोलले की वर जाते. ते गप्प झाले आणि तीन-चार वाक्यं नुसती रेघ बघत राहिले. सर श्वास घ्यायला थांबले की काका मान हलवायचे, जणू खात्री पटली. मग पत्र्यावर पाऊस वाढला आणि ते म्हणाले, “हांगा कांयच आयकूं येना. आवाज मातसो वाडय.”

मी म्हणालो, वाढवला तर पुढच्या रांगांना कान झाकावे लागतील आणि पोडियमचा माईक शिटी मारेल.

“तांकां वाडयनाका. म्हज्या कदेलीपुरतो वाडय.”

कदेल म्हणजे खुर्ची. काकांची मागणी अशी की आवाज फक्त त्यांच्या खुर्चीपुरता वाढवावा. मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: इतके पैसे घेतलेल्या यंत्राला प्रत्येक माणसाची वेगळी रेघ दाखवता येते, तर प्रत्येक खुर्चीची वेगळी का नाही? त्यांनी रांग आणि खुर्ची मोजून नंबरही दिला: मागची रांग, भिंतीकडून चौथी. वर मला आठवण करून दिली की समितीच्या बैठकीत त्यांनीच या खरेदीला अनुमोदन दिलं होतं. मी टॅबलेटवर उगाच एक बोट फिरवून “बघतो” म्हणालो. हे मी त्यांना गप्प बसवण्यासाठी केलं, हे इथे कबूल करतो.

तेवढ्यात टॅबलेटने मिक्सरच सोडला. स्क्रीन फिकट झाली, रेघा थांबल्या. हे आमच्याकडे नेहमीचं. मिक्सरचं स्वतःचं वायफाय असतं, त्यावर इंटरनेट नसतं, आणि टॅबलेटला वाटतं की इंटरनेट नाही म्हणजे ते वायफायच नव्हे. मग तो मुकाट्याने देवळाच्या ऑफिसचं वायफाय शोधत जातो. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन बाकीची सगळी नेटवर्क्स विसरायला लावावी लागतात. मी लावली होती. पण कुणीतरी मिक्सरचा पासवर्ड नोटीस बोर्डावर ‘फ्री वायफाय’ म्हणून लावला होता (कुणी, ते मला माहीत आहे), त्यामुळे अर्ध्या गावाचे फोन त्याच छोट्या राउटरला चिकटलेले. शिवाय राउटर मीच स्टेजखाली ठेवला होता. दुपारी रिकाम्या खुर्च्यांतून सिग्नल मस्त येत होता. संध्याकाळी मध्ये तीनशे माणसं बसली, आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणी. पाणी ती लहर शोषून घेतं. राउटर माणसांच्या डोक्यांच्या वर, भिंतीवर हवा, हे मला माहीत होतं. फक्त शिडी देवळाच्या दुसऱ्या टोकाला होती.

आवाज मात्र बंद पडला नाही. टॅबलेट गेला तरी मिक्सर शेवटच्या स्थितीत चालू राहतो. फक्त तुम्ही प्रेक्षक होता. काका म्हणाले, “बफरिंग?”

कसाबसा जोडला गेलो तोवर भाषण संपलं आणि काकांना स्टेजवर बोलावलं. आरती पथकाची घोषणा त्यांच्याकडे होती. पथक बसलं, घुमटं मांडीवर आली, शामेळवाल्याने काठ्या उचलल्या. काका हातातल्या माईकवर म्हणाले, “...आता सादर होत आहे घुमट आरती!” मी ‘आरती’ सीन दाबला.

काकांचं संपलं नव्हतं. त्यांना अजून चार देणगीदारांची नावं घ्यायची होती. पहिल्या नावाच्या मधोमध माईक मेला, कारण सीनमध्ये तो बंद होता आणि सीन तंतोतंत पाळला जातो. काकांनी माईकवर टिचकी मारली. फुंकर मारली. माईक झटकला, उलटा करून खालून पाहिला. मी घाईघाईने तो चॅनल शोधत होतो. नेमका त्या वेळी टॅबलेट फिकट. मग काकांनी माईक खाली केला आणि जन्मजात आवाजात, पावसाच्या वरून, म्हणाले:

“मागे जो मुलगा टॅबलेटवर मॅच बघतोय, त्याने मॅच बघायची असेल तर घरी बसून बघावी!”

तीनशे माना वळल्या. मी बेचाळीस वर्षांचा आहे.

खरं सांगायचं तर चूक माझी होती, मिक्सरची नव्हे. निवेदकाचा माईक कुठल्याच सीनमध्ये असता कामा नये. त्यासाठी सोय असते, तिला ‘रिकॉल सेफ’ म्हणतात: एखादा चॅनल सेफ केला की सीन बदलताना त्याला हात लागत नाही, तो हातानेच उघडायचा, हातानेच बंद करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो सेफ केला, राउटर भिंतीवर चढवला, पासवर्ड बदलला. पुढच्या रविवारी एकांकिका होती. सीन व्यवस्थित बदलला, काकांचा माईक उघडाच राहिला, कारण तो आता सेफ होता आणि मी तो बंद करायला विसरलो. काका माईक खिशात घालून चहाला गेले. एकांकिकेतली सून सासूसमोर रडत असताना छतातून आवाज आला, “ह्यो बटाटवडो कालचो.” टाळ्या पडल्या. सून पुढे बोलूच शकली नाही. बोलणी मला बसली. आभारात मांडववाला, फुलवाला, चहावाला, सगळ्यांची नावं आली. वडेवाल्याचंसुद्धा.

त्या पहिल्या रात्रीचं आणखी एक राहिलं. सेफ लावायला बसलो तेव्हा दोन्ही सीन शेजारी ठेवून बघितले. सीनच्या फोटोत नुसते माईक नसतात, बाहेर जाणारे आवाजही असतात. शेवटच्या तीन रांगांसाठी आम्ही छताला दोन लहान स्पीकर लावलेत, त्यांचा स्वतंत्र फेडर आहे. ‘आरती’मध्ये तो जागेवर होता. ‘सत्कार’मध्ये तळाला. दुपारी पोडियमची शिटी कुठून येते ते शोधताना मी तो खाली ओढला होता, वर घ्यायचा विसरलो होतो, आणि तसाच सेव्ह केला होता. म्हणजे संपूर्ण भाषणभर मागचे स्पीकर बंद होते, मी त्यांच्याच खाली बसलो होतो, आणि आवाज कमी आहे हे पावसावर ढकलून मोकळा झालो होतो.

तो फेडर मी वर घेतला, सेव्ह केला, सेफही केला. कुणाला सांगितलं नाही.

परवा पुन्हा एक सत्कार होता. भाईकाका मागच्या रांगेत, भिंतीकडून चौथ्या खुर्चीवर बसले, थोडा वेळ ऐकलं, आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, “आज बरें आयकूं येता. म्हज्या कदेलीचें केलें मरे तुवें?”

“हो,” मी म्हणालो.

“पळय,” ते म्हणाले, “जाता न्हय?”