७३० ऑर्डर आणल्या म्हणजे नक्की किती आणल्या?

मार्केटिंगच्या जागेसाठी उमेदवारांच्या प्रोफाइल्स बघतेय. परवा एकात लिहिलेलं, "सहा लाखांच्या बजेटमध्ये ७३० ऑर्डर, रोआस जबरदस्त", म्हणजे जाहिरातीच्या खर्चाच्या मानाने विक्री भरपूर. मुलगा हुशार वाटला म्हणून फोन केला आणि विचारलं की ७३० कुठून आले, तर म्हणाला मॅडम, मेटाच्या डॅशबोर्डवर ४२० आणि गूगल अ‍ॅड्सवर ३१०, दोन्ही मिळून. मी म्हटलं बरं, आणि कॅम्पेनच्या तीन महिन्यांत वेबसाइटवर प्रत्यक्ष ऑर्डर किती पडल्या? थोडा वेळ शांत. मग शोधून सांगितलं, ५६०.

तो खोटं बोलत नव्हता हे मला ठामपणे सांगायचंय. होतं काय, एखादीने इन्स्टावर जाहिरात क्लिक केली, घेतलं नाही, चार दिवसांनी गूगलवर ब्रँडचं नाव टाकून सर्चच्या जाहिरातीवरून ऑर्डर दिली, की मेटा म्हणणार माझी आणि गूगल पण म्हणणार माझी, कारण ऑर्डरचं श्रेय घ्यायची मेटाची डीफॉल्ट विंडो क्लिकनंतर ७ दिवसांची आहे (नुसती जाहिरात दिसली तरी १ दिवस धरतात) आणि गूगलची क्लिकनंतर साधारण ३० दिवसांची. म्हणजे ऑर्डर एक आणि मोजली दोनदा. दोन डॅशबोर्डची बेरीज दुकानाच्या एकूण ऑर्डरपेक्षा जास्त आली की तिथेच समजायचं.

पुढे विचारलं, कॅम्पेनच्या आधीच्या तीन महिन्यांत किती ऑर्डर होत्या? २००. मग वाढ ३६० ची. डॅशबोर्डच्या हिशोबाने एक ऑर्डर साधारण ८२० ला पडली, पण वाढीव ऑर्डरच धरल्या तर १६६० च्या वर. आणि ती ३६० पण सगळी जाहिरातीची नाही, कारण मध्ये दहा दिवस सेल होता आणि ब्रँडचं नाव शोधणारी बरीच माणसं जाहिरात नसती तरी आलीच असती. मला खरं सांगायचं तर हा दुप्पट खर्चाचा आकडा लिहिलेली प्रोफाइल जास्त आवडली असती, कारण ती लिहिणाऱ्याला पैसा कुठे गेला ते कळलेलं असतं.

काल त्याने बदलून पाठवलं: "तीन महिने, सहा लाख (मेटा ४, गूगल सर्च २). वेबसाइटच्या ऑर्डर २०० वरून ५६०, आकडे स्टोअरच्या रिपोर्टमधले. मधे दहा दिवसांचा सेल. मेटाचं टार्गेटिंग आणि बजेट माझ्याकडे, सर्चचं काम टीममधल्या दुसऱ्याकडे."

फक्त एक शंका होती त्याची, जुन्या कंपनीचे आकडे उघड करायची परवानगी नसेल तर? मग खरा आकडा टाकायचाच नाही. बजेटची रेंज द्या, चॅनेलची विभागणी टक्क्यात द्या, ऑर्डर किती पट झाल्या ते द्या. पण नुसतं "१८०% वाढ" नको, कारण ५ च्या १४ झाल्या तरी १८०% च होतात. सुरुवात दहात होती, शेकड्यात की हजारात, एवढं तरी लिहा, त्याने कुणाचं गुपित फुटत नाही.