प्रमाणपत्राने फोटो खरा होत नाही

“फोटोत थोडा बदल केला तरी हरकत नाही. प्रिंट काढा, सोबत कलम ६३चे प्रमाणपत्र जोडा, की कोर्टाला तो खरा मानावाच लागतो. मूळ फोटो डिलीट झाला तरी चालते आणि एडिटिंग कोणाला कळत नाही.”

हा संदेश वाचून माझा आतेभाऊ बांधाच्या तंट्यात शेजाऱ्याचा ट्रॅक्टर दुसऱ्या फोटोतून उचलून आपल्या बांधावर चिकटवायला निघाला होता, म्हणून हे लिहावे लागत आहे.

सर्वांत घातक भाग प्रमाणपत्राचा आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधील कलम ६३चे प्रमाणपत्र नोंद कोणत्या उपकरणातून, कशी तयार झाली, हे सांगते. फोटोतील प्रसंग खरोखर घडला, असे ते सांगत नाही. ते जोडल्याने फोटो न्यायालयाच्या दारातून आत येतो; त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे साक्षीदाराच्या उलटतपासणीनंतर ठरते. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा प्रश्न होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम ६५ बखाली स्पष्ट केले की, प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मात्र मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन मूळ उपकरणच हजर केले तर त्याची गरज नाही. म्हणजे संदेशात ज्याला फालतू ठरवले आहे, ते मूळच सर्वांत भक्कम ठरते.

नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा अंकी ठसा, लिहावे लागते. एक बिंदू बदलला तरी ते मूल्य बदलते. पण ट्रॅक्टर चिकटवून झाल्यावर हॅश काढला, तर तो खोट्या फाइलशीच तंतोतंत जुळेल. अशी जोडणी पकडली जाते ती मूळ फाइल मागितल्यावर, किंवा सावलीची दिशा आणि चिकटवलेल्या भागाचे वेगळे कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी झालेली दाबणी, तपासल्यावर. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत पुन्हा दाबली जाते आणि तिच्यातून तारीख-स्थळाच्या नोंदी गळून पडतात, त्यामुळे ती तपासाला आणखी कमकुवत ठरते. प्रत्येक जोडणी ओळखू येतेच असे नाही, पण “मूळ फोटो कुठे आहे?” या प्रश्नाला उत्तर नसलेला पक्षकार तिथेच अडकतो.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. उजेड वाढवणे किंवा कडा कापणे एवढ्यानेच फोटो बाद होत नाही, फक्त मूळ प्रत जपलेली असावी आणि काय केले ते उघड सांगावे. वस्तू हलवणे हा मात्र त्या सवलतीत बसणारा बदल नव्हे. न्यायालयीन कार्यवाहीत वापरण्यासाठी खोटा पुरावा तयार केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

आतेभावाने बांधाचा खरा फोटो मोबाइलमध्ये तसाच ठेवावा आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. हद्द कुठे आहे, हे ट्रॅक्टरचा फोटो सांगत नाही, मोजणीचा नकाशा सांगतो.