आईची औषधे आणि मुलाचे आवर्ती खाते

जून २०२४ मध्ये मी माझ्या मुलाच्या नावाने चालवलेले आवर्ती ठेव खाते मुदतीआधी मोडले. दरमहा २,००० रुपये याप्रमाणे त्यात बारा हप्ते भरून झाले होते. बारावीनंतर त्याला फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जायचे आहे, आणि त्या वेळी लागणाऱ्या पैशांची ती सुरुवात होती. ते खाते मी आईच्या औषधपाण्यासाठी मोडले. आईसाठी केलेला खर्च कधीच वाया जात नाही, असे मी त्या वेळी मनाला समजावले आणि भावना म्हणून ते खरेही होते. पण हिशेब म्हणून ते चूक होते, आणि ती चूक नेमकी कुठे झाली हे समजायला मला चार महिने लागले. ज्यांच्या घरी वृद्ध आई किंवा वडील आणि शिकणारी मुले एकाच पगारावर आहेत, त्यांच्यासाठी तो हिशेब सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर फोंड्याजवळ आहे. आई त्या वेळी ६८ वर्षांची होती. तिला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे, शिवाय रक्तदाब आणि थायरॉइडही आहे. "आईच्या औषधांना किती लागतात?" असे कोणी विचारले असते, तर मी लगेच "महिन्याला साधारण हजार" असे सांगितले असते, कारण फार्मसीचे बिल १,०४० रुपये येत असे. जूनच्या भेटीत डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन ही नवी गोळी वाढवली. ती रोज एक घ्यायची होती आणि एका गोळीला जवळजवळ ६० रुपये पडत होते, त्यामुळे बिल एकदम २,८४० वर गेले. त्याच महिन्यात वर्षातून एकदा करायच्या सगळ्या तपासण्या होत्या, डोळ्यांचा पडदा तपासायचा होता, चष्म्याचा नंबर बदलला होता, आणि शाळा सुरू होत असल्यामुळे दोन्ही मुलांची पुस्तके, गणवेश आणि शुल्कही भरायचे होते. आईच्या बाजूने एकूण १०,७५० रुपये कमी पडत होते.

आवर्ती खात्यातून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत, ते सबंध बंद करावे लागते. त्यामुळे गरज पावणेअकरा हजारांची असताना हातात आले २४,००० आणि वर थोडे व्याज. उरलेल्या सव्वातेरा हजारांचे नवे खाते त्याच दिवशी उघडायला हवे होते. ते मी केले नाही, आणि चवथीचा सण होईपर्यंत ती रक्कम घरखर्चात कधी विरून गेली हे कळलेही नाही. मुलीचे सुकन्या समृद्धी खाते मात्र शाबूत राहिले. त्याला माझा संयम कारणीभूत नव्हता. शिक्षणासाठी त्यातून पैसे काढायचे तरी मुलगी अठरा वर्षांची किंवा दहावी उत्तीर्ण व्हावी लागते, म्हणून ते वाचले. जे खाते मोडायला सोपे असते तेच अडचणीत आधी मोडले जाते, हे मी तेव्हा शिकलो.

खाते मोडल्याची गोष्ट आईच्या कानावर गेली. ती काही बोलली नाही. सप्टेंबरच्या तपासणीत तिचे एचबीए१सी ७.६ वरून ८.५ वर गेलेले दिसले. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे आदल्या दिवशी काय खाल्ले यावर ती फारशी हलत नाही. डॉक्टर आणखी एक औषध वाढवण्याच्या विचारात होते. घरी येऊन मी औषधांचा डबा उघडला आणि पाकिटे मोजली. महागड्या गोळीच्या जितक्या गोळ्या संपायला हव्या होत्या, त्यांच्या निम्म्याच संपल्या होत्या, आणि साखरेची रात्रीची गोळीही बरीच शिल्लक होती. आई एक दिवसाआड घेत होती. "नातवाचे पैसे मोडलेस ना बाबा, मग मी थोड्या कमी घेतल्या तर काय बिघडले," असे तिने अगदी शांतपणे सांगितले. तिने गोळ्या वाचवल्या म्हणून तिसरी गोळी वाढणार होती. वृद्ध माणसाची साखर किंवा रक्तदाब कारण नसताना बिघडला, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी पाकिटे मोजावीत, आणि जे दिसेल ते डॉक्टरांना न लपवता सांगावे.

ऑक्टोबरमध्ये मी वर्षभराची सगळी बिले घेऊन बसलो. गोळ्यांचे बिल दरमहा येते म्हणून ते लक्षात राहते, पण उरलेला खर्च विखुरलेला असतो. डॉक्टरांची भेट आणि एचबीए१सी दर तीन महिन्यांनी होते, थायरॉइडची तपासणी सहा महिन्यांनी, तर मूत्रपिंडासाठी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा. चष्मा दोन वर्षांनी बदलतो. साखर मोजण्याच्या पन्नास पट्ट्यांची डबी, आठवड्यातून चारदा मोजले तर, तीन महिने पुरते. त्यात येण्याजाण्याचे भाडे मिळवले, तेव्हा हा विखुरलेला खर्च वर्षाला १५,४०० रुपये निघाला. गोळ्यांचे ३४,०८० त्यात धरले की एकूण ४९,४८० होतात, म्हणजे महिन्याला ४,१२३ रुपये. मी मात्र २,८४० हाच आईचा खर्च समजत होतो. दरमहा जवळजवळ तेराशे रुपयांची ही तफावत कोणत्याच महिन्यात दिसत नव्हती. वर्षातून दोन-तीनदा ती गठ्ठ्याने समोर येत होती आणि हाताशी असलेल्या मुलांच्या पैशांवर पडत होती.

माझे मत इथे स्पष्ट सांगतो. शस्त्रक्रियेसारखा एकदाच येणारा खर्च साठवलेल्या पैशातून करता येतो, कारण तो संपतो आणि नंतर साठा पुन्हा भरता येतो. जन्मभराची औषधे कधीच संपत नाहीत. त्यांच्यासाठी शिक्षणाच्या पैशांतून उसने घेतले, तर ते परत करण्याचा महिना उगवतच नाही, कारण पुढच्या महिन्यालाही तेवढाच खर्च असतो. हा खर्च घरभाड्यासारखा चालू उत्पन्नातूनच भागवायला हवा, आणि उत्पन्नात बसत नसेल तर दुसरा एखादा खर्च कापायला हवा किंवा भावंडांना बोलवायला हवे.

मी दुसरे काही केले नाही. पगाराच्या खात्यापासून वेगळे असे एक बचत खाते उघडले आणि वर्षाच्या रकमेत दहा टक्के वाढ धरून दरमहा ४,६०० रुपये त्यात जातील अशी सोय केली. दहा टक्के धरण्याला आधार आहे. ज्या औषधांवर सरकारने कमाल किंमत ठरवलेली नाही, त्यांची किंमत कंपनीला वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते. वास्कोला राहणाऱ्या भावाशी बोलल्यावर त्याने १,६०० रुपये दरमहा पाच तारखेला देण्याचे मान्य केले, आणि ३,००० माझे. पूर्वी आम्ही "ही तपासणी तू कर, ते बिल मी देतो" असे वाटून घेत होतो. त्यात ज्याच्या वाट्याला वाईट महिना येई त्याच्यावर भार पडे आणि मनातही काहीतरी राही. ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला देणे दोघांनाही सोपे गेले.

फोंड्यातली फार्मसी, प्रयोगशाळा आणि डॉक्टर यांचे पैसे मी याच खात्यातून भरतो. साठ वर्षांवरील आईवडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराचा ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च जुन्या करपद्धतीत उत्पन्नातून वजा होतो, पण तो रोखीने दिलेला नसावा लागतो, म्हणून बिले जपून ठेवतो. नव्या करपद्धतीत ही सवलत नाही.

तपासण्यांच्या तारखाही हलवल्या. २०२५ मध्ये मुलांची शाळा जूनऐवजी ७ एप्रिलला सुरू झाली, पुढे चवथ येते, म्हणून डॉक्टरांना विचारून वर्षातून एकदाच्या सगळ्या तपासण्या नोव्हेंबरमध्ये नेल्या. त्या महिन्यात घरात दुसरा मोठा खर्च नसतो. गोळ्या तीस किंवा साठ दिवसांच्या मापाने एकदम आणतो, कारण काही पाकिटे दहाची आणि काही पंधराची असतात, आणि तिसाच्या पटीत घेतली नाहीत तर दर आठवड्याला काहीतरी संपलेले असते. साखरेच्या पट्ट्या मात्र स्वस्त मिळाल्या म्हणून साठवू नयेत. डबी उघडल्यावर त्या ठरावीक काळच चालतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात झाकण नीट लागले नसेल तर दमटपणाने आकडा चुकीचा दाखवतात.

सर्वांत मोठा फरक आमच्या कोणत्याही हुशारीने पडला नाही. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट संपले आणि अनेक कंपन्यांनी तेच औषध बाजारात आणले. जूनच्या भेटीत मी डॉक्टरांना सरळ विचारले, तेव्हा त्यांनी त्याच मात्रेची दुसऱ्या कंपनीची गोळी लिहून दिली, जी आम्हाला १० रुपयांना पडते. महिन्याचे दीड हजार वाचले. न विचारता ती चिठ्ठी बहुधा तशीच पुढे चालू राहिली असती. जनऔषधी केंद्रातून घेण्याबद्दलही असेच विचारावे. थायरॉइडच्या गोळीचा ब्रँड मात्र मी बदलत नाही. तो बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासावे लागते, आणि ती गोळी मुळातच इतकी स्वस्त आहे की त्या खटपटीत हाती काही लागत नाही. ज्यांना ४,६०० हा आकडाच झेपणारा नाही, त्यांनी मधुमेह व रक्तदाबाच्या साध्या गोळ्यांसाठी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात आधी चौकशी करावी. तिथे त्या मोफत मिळतात आणि रांगेत उभे राहण्यात कमीपणा काहीच नाही.

आपल्याकडे अनेकांना वाटते की दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे म्हणजे आईवडिलांचा खर्च सुटला. ते कार्ड जरूर असावे आणि त्याचे नूतनीकरण चुकवू नये, कारण तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण त्यात आहे. पण ते इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोज सकाळच्या गोळीचे पैसे त्यातून येत नाहीत.

गोळी स्वस्त झाल्यावर वर्षाचा खरा खर्च ३१,४८० वर आला. आम्ही भरणा लगेच तेवढा कमी केला नाही. भावाचे १,२०० आणि माझे २,४०० असे ३,६०० अजूनही जातात, म्हणजे वर्षाला साधारण पावणेबारा हजार शिल्लक राहतात. उद्या डॉक्टरांनी आणखी एखादे महागडे औषध वाढवले, तर पहिले काही महिने ही शिल्लक सांभाळून घेईल आणि तेवढ्या वेळात आम्हाला नवा आकडा बसवता येईल. माझ्या वाट्यातून सुटलेले ६०० रुपये मुलाच्या नव्या आवर्ती खात्यात जातात, त्यामुळे तिथला हप्ता आता २,६०० आहे.

गेल्या नोव्हेंबरमध्ये आईच्या सगळ्या तपासण्या झाल्या. एचबीए१सी ७.३ आले. तिने स्वतःच पाकिटे पुढे ठेवली आणि मोजायला सांगितले.