मिरची पुढे गेली

खालच्या अंपायरने शिट्टी मारली आणि तर्जनीने हवेत एक गोल काढला. मला वाटलं, चहा सांगतोय. व्हॉलीबॉलची मॅच, तिसरा सेट, पंधराचा. समोरचे 14, आम्ही 13, सर्व्हिस त्यांची. बॉल आमच्या मागच्या गड्याने सुरेख उचलला होता, मी नेटपाशी हात वर करून त्याची वाट बघत होतो, आणि मॅच संपली होती. 15-13.

"पोझिशन फॉल्ट," तो म्हणाला. "काका, तुम्ही चार नंबरच्या पुढे होतात."

त्या "काका"चा हिशेब वेगळा करीन. मुद्दा असा की शिट्टीच्या अर्धा सेकंद आधी एक आवाज आला होता, आणि तो आमच्याच बाजूने आला होता. "अहो, पाच नंबर पुढे! पाच नंबर पुढे आलाय!"

दादरच्या मैदानाच्या कठड्यावर एक गृहस्थ बसले होते. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी. मुंबईत डिसेंबरात पारा वीसच्या खाली घसरला की काही लोकांना काश्मीर दिसू लागतं, त्यातले. मांडीवर भाजीची पिशवी. आमच्या बाजूला बसलेले, म्हणजे आमचे प्रेक्षक, असा माझा भाबडा समज होता. दोन सेट ते आमच्या प्रत्येक पॉइंटला टाळ्या वाजवत होते. आणि मॅच पॉइंटला त्यांनी आम्हाला विकलं.

अंपायर म्हणाला, मी स्वतः बघितलं. असेल. माझा विश्वास नाही. सर्व्हिसच्या वेळी रिसीव्ह करणाऱ्या टीमचे पाय बघणं हे त्याचंच काम, पण त्याच्या आधीच्या तिन्ही सर्व्हिसला तो मोबाइल बघत होता, हे मी स्वतः बघितलं.

मी तावातावाने कठड्याकडे गेलो. "काका, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"मी नियमाच्या बाजूचा," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही लिफ्टर ना?"

मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा. आम्ही त्याला सेटर म्हणतो. त्यांच्या जमान्यात लिफ्टर. मी हो म्हटलं.

"मग बसा. तुमच्या टीममध्ये रोटेशन कुणालाच येत नाही. पहिल्या सेटपासून बघतोय."

माणसाने अपमान किती सहन करावा याला मर्यादा असते, पण पाय दुखत होते, म्हणून बसलो. त्यांनी पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि कठड्यावर आडवी ठेवली. "हे नेट." मग एकेक करत कांदा, बटाटा, लिंबू, टोमॅटो, आल्याचा तुकडा आणि एक हिरवी मिरची. नेटकडे तोंड करून पुढची ओळ: उजवीकडे कांदा, मध्ये लिंबू, डावीकडे टोमॅटो. मागची ओळ: उजवीकडे बटाटा, मध्ये आलं, डावीकडे मिरची.

"मागच्या उजव्या कोपऱ्यातला बटाटा एक नंबर. सर्व्हिस त्याची. त्याच्या पुढचा कांदा दोन, लिंबू तीन, टोमॅटो चार. मिरची पाच, आलं सहा. आता फिरायचं कसं?"

"एकाने दोनवर, दोनाने तीनवर..." मी म्हटलं.

त्यांनी माकडटोपीतून माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतला भूगोल आठवला. "आकडे उलटे लिहिलेत, माणसं सुलटी फिरतात. प्रदक्षिणा घालता ना देवळात? तशी. दोनवरचा कांदा मागे एकवर येतो आणि सर्व्हिस करतो. एकवरचा बटाटा सहावर सरकतो, सहाचा पाचवर, पाचाचा चारवर."

खरं सांगतो, गेले दोन महिने आमच्या बिल्डिंगच्या टीमचा निम्मा वेळ याच घोळात गेलाय. त्यात आमच्या जिमवाल्याचा ठाम समज, की पॉइंट मिळाला की फिरायचं. तसं नाही. आपणच सर्व्हिस करत होतो आणि पॉइंट मिळाला, तर तोच माणूस पुन्हा सर्व्हिस करतो, कुणी हलत नाही. सर्व्हिस समोरच्याची होती आणि पॉइंट आपण घेतला, तर सर्व्हिस आपल्याकडे येते, आणि तेव्हाच सगळे एक घर सरकतात. पहिल्या सेटमध्ये याच गोंधळात भलत्याच माणसाने सर्व्हिस केली. तीन पॉइंट आले, आम्ही नाचलो. मग स्कोररने कागद बघितला आणि ते तिन्ही पॉइंट पुसले. समोरच्यांना एक पॉइंट आणि सर्व्हिस वर. त्यांचे आधीचे पॉइंट मात्र जसेच्या तसे. नाचलेले पैसे कुणी परत देत नाही.

"ते झालं फिरण्याचं," काका म्हणाले. "तुमचा गुन्हा वेगळा. तुम्ही मिरची."

टीममधले बाकीचे एव्हाना गोळा झाले होते. बँकवाला, म्हणजे आमचा चार नंबर, मागून म्हणाला, "बरोबर ओळखलं." मी दुर्लक्ष केलं.

"सर्व्हिसवाल्याचा हात बॉलला लागतो, त्या क्षणापुरता हा नियम. त्या क्षणी मिरचीने कुठल्या चौकटीत उभं राहायचं, असं काही नाही. कोर्टवर चौकोन आखलेत का? नाहीत. फक्त दोन नाती सांभाळायची. एक, मिरची टोमॅटोच्या मागे. दोन, मिरची आल्याच्या डावीकडे. बस्स."

मग त्यांनी मिरची उचलली आणि लिंबाच्या पुढे, मेथीला टेकवून ठेवली. टोमॅटो त्याहून पुढे, मेथीत जवळजवळ रुतवला. "आता?"

"फॉल्ट," आम्ही एका सुरात म्हटलं.

"नाही! मिरचीचं लिंबाशी नातंच नाही. पाचने तीनच्या पुढे राहावं की मागे, कुणी विचारत नाही. पुढचा-मागचा हिशेब फक्त आपल्या रांगेतल्या जोडीदाराशी: कांदा-बटाटा, लिंबू-आलं, टोमॅटो-मिरची. आणि डावा-उजवा हिशेब फक्त आपल्या ओळीतल्या शेजाऱ्याशी. बाकीच्यांशी संबंध नाही."

मला एकदम लोकलचा दरवाजा आठवला. दादरला उतरणारा माणूस डब्यात कुठेही उभा असो, तो फक्त समोरच्याला विचारतो, "दादर?" खिडकीजवळचा कुठे उतरतो याच्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं. आणि गाडी थांबली की सगळा क्रम खलास, ज्याने त्याने वाट काढावी. इथेही तसंच: हात बॉलला लागला की मिरचीने कुठेही पळावं. मी हे बोलून दाखवलं. काका म्हणाले, "तुम्ही गाडी थांबायच्या आधी उडी मारलीत."

आणि तिथे ते बरोबर होते, हीच तर तिडीक आहे. मी मागच्या डाव्या कोपऱ्यातून थेट नेटच्या उजव्या बाजूला पोचायचं असतं, सेट करायला. तिरपं आठ मीटर अंतर, माझ्या गुडघ्यांना ते ठाणे-कल्याण वाटतं. म्हणून मी सर्व्हिसवाल्याने बॉल वर टाकला की निघतो. टाकला की नव्हे, मारला की निघायचं, हे मला माहीत आहे. पण बॉल हवेत असतानाचा तो एक सेकंद माझ्या हिशेबात माझा असतो.

"पण रोज असंच करतो," मी म्हटलं, "आजच का?"

"कारण रोज टोमॅटो पुढे असतो. आज तो रिसीव्ह करायला मागे गेला." आणि काकांनी टोमॅटो मेथीपासून चार बोटं मागे ओढला. मिरची मध्यावर, टोमॅटो तिच्या मागे. बँकवाल्याने मान खाली घातली. मागच्या दोन सर्व्हिस त्याच्या बाजूला पडल्या होत्या, म्हणून याने शौर्य दाखवायला मागे सरकून जागा घेतली. मला सांगितलं नाही. मी पुढे, तो मागे, आणि पुढचा कोण ते फक्त पायांवरून ठरतं. जमिनीवरचे पाय. काका म्हणाले, टोमॅटोच्या पावलाचा थोडासा भागही तुमच्या पुढच्या पावलाच्या पुढे असता तरी भागलं असतं. माझं पोट कितीही पुढे असलं तरी चालतं, हे ऐकून बरं वाटलं. हा नियम सहृदय माणसांनी केलाय.

"मग करायचं काय?" तळमजल्यावरच्याने विचारलं.

काकांनी टोमॅटो मेथीपाशी डाव्या कडेला चिकटवला. मिरची त्याच्या पाठीशी, जवळजवळ त्याच्या सावलीत. "हा रिसीव्हला जाणारच नाही. पुढे उभा राहून मिरचीला आडोसा देईल. रिसीव्ह चौघांनी करायचं: आलं आणि बटाटा खोल मागे, लिंबू आणि कांदा त्यांच्या पुढे, पण नेटपासून मागे. आलं थोडं डावीकडे सरकेल, कोपरा त्याचा. फक्त मिरचीच्या उजवीकडे राहायचं. मिरची आधीच नेटच्या दोन पावलांवर. बॉल मारला की पळा, अंतर निम्मं."

इतकं सोपं. आम्ही दोन महिने का नाही केलं? कारण दोन महिन्यांत सरावाला आम्ही सहाजण एकत्र एकदाही आलो नाही. एकाचा मेगाब्लॉक, एकाच्या मुलीचा क्लास, एक रात्रपाळीचा. चौघांनी सराव केला. चौघांत पाच आणि चार ही जोडी बनतच नाही, तर फॉल्ट कळणार कुठून? त्यातून मैदानात चुन्याच्या रेघा आम्ही सहाला उठून मारायच्या आणि साडेसातपर्यंत क्रिकेटवाल्या पोरांनी त्यांच्यावरून रन काढून पुसायच्या. नेटसाठी खांब कुणाचे, यावर दर आठवड्याला एक भांडण. या शहरात माणसाला खेळायला जागा नाही, पण आपल्या चुका बघायला माणसं हवी तितकी.

"पण काका," मी शेवटचं अस्त्र काढलं, "तुम्ही गप्प बसला असता तर?"

"तर तुम्ही पुढच्या मॅचलाही तेच केलं असतं."

एवढं बोलून ते भाजी गोळा करू लागले. कांदा, बटाटा, लिंबू, आलं, मिरची, मेथी. टोमॅटो उचलला तर चेपलेला. बँकवाल्याने वाकून बघताना कोपर टेकवलं होतं. काकांनी तो माझ्यासमोर धरला.

"तो तुमचा चार नंबर," मी म्हटलं, "त्याच्याकडून घ्या."

"कॅप्टन कोण?"

कॅप्टन मी. दहा रुपये दिले. स्कॅन करून, कारण सुटे त्यांच्याकडे नव्हते.

"पुढच्या रविवारी येतो," पिशवी खांद्याला लावत ते म्हणाले. "समोरच्या टीमचीपण भाजी घेऊन येतो. त्यांचा दोन नंबरवालाही रोज पुढे असायला हवा तिथे मागे राहतो. तुम्ही कुणी बघितलंच नाही."