दोन वर्षांचा हिशेब

"बायको दीड वर्ष माहेरी आहे. फोनवरचं भांडण रेकॉर्ड केलंय. परित्यागावर घटस्फोट मिळेल ना?"

दादा, आत्ता नाही. हिंदू विवाह कायद्यात परित्यागाची सलग दोन वर्षं अर्ज दाखल करण्याआधी पूर्ण व्हावी लागतात. खटला चालू असताना ती भरून निघत नाहीत. शिवाय नुसतं वेगळं राहणं पुरत नाही. सबळ कारण नसताना, संसार मोडायच्या इराद्यानेच ती गेली, हे तुम्हाला दाखवावं लागेल. तिने मनापासून 'परत येते' असा मेसेज केला आणि तुम्ही गप्प बसलात, तर डाव उलटतो. तुम्ही पाठवलेली पत्रं, नोटिसा जपा.

क्रूरतेला दोन वर्षांची अट नाही. रेकॉर्डिंग तिथे चालू शकतं. चोरून केलेलंही पुराव्यात घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. मूळ फोन मात्र विकू नका, आणि रेकॉर्डिंगसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा. (लोक नेमकं हेच विसरतात.)

आणखी एक. पुण्याच्या दास्ताने खटल्यात (१९७५) पत्नीची क्रूरता सिद्ध झाली, तरी पती हरला. त्यानंतरही दोघांचे पती-पत्नीसारखे संबंध राहिले, म्हणजे त्याने माफ केलं, असं न्यायालयाने धरलं. तुमचं रेकॉर्डिंग कधीचं आहे? त्यानंतर दोघं एकत्र राहिलात का?